‘चारातला एक’ चित्रातून दाखवताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका वाड्यावर बचतगटाच्या बैठकीत मला मधुमेहाविषयी बोलायचं होतं. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं. २० वर्षांच्या आणि त्यावरच्या लोकांत गोव्यात २६.४ टक्के, तर देशात ११.४ टक्के. पण टक्के म्हटलं की बायकांना शाळेतले मार्क आठवतात. ‘२६ म्हणजे कमीच की,’ असं एकीने सरळ म्हटलंही होतं. म्हणून मी आकड्यांऐवजी माणसांची चित्रं काढली आणि तिथेच फसले.

गोव्यासाठी चार माणसं काढून एक रंगवलं. देशासाठी नऊ काढून एक रंगवलं. हिशेब बरोबर होता, चारातला एक आणि नवातला एक. पण दोन्हीकडे रंगवलेलं माणूस एकेकच आणि दुसरी रांग लांबलचक. ‘म्हणजे बाहेर जास्त आहे ना?’ मागून प्रश्न आला. चूक तिची नव्हती. ‘इतक्यातला एक’ या मांडणीत खालची संख्या वाढते तसा धोका कमी होतो, आणि डोळा मात्र मोठ्या संख्येकडे जातो. दोन प्रमाणं शेजारी ठेवायची असतील तर एकूण माणसं दोन्हीकडे सारखीच हवीत.

आणखी एक घोटाळा मला घरी परतताना कळला. एक काकी म्हणाल्या, ‘आम्ही घरात चौघं. ह्यांना आहे, म्हणजे बाकीचे सुटलो.’ चार माणसांचं चित्र त्यांना आपल्या घरासारखं दिसलं होतं. हा गैरसमज खरोखर धोक्याचा, कारण आईवडिलांना मधुमेह असेल तर मुलांची जोखीम वाढते. ती काही वाटून संपत नाही.

पुढच्या बैठकीला शंभर-शंभर माणसांच्या दोन जाळ्या नेल्या, दहा रांगा आणि प्रत्येक रांगेत दहा. गोव्याच्या जाळीत २६ भरीव, म्हणजे दोन पूर्ण रांगा आणि वर सहा. देशाच्या जाळीत ११, एक रांग आणि वर एक. पाचव्या माणसानंतर थोडी जागा सोडली की मोजायला बोट लागत नाही. तोंडाने सांगताना ‘टक्के’ टाळून ‘शंभरातली २६ माणसं’ म्हणावं. जुन्या माणसांना ‘शेकडा २६’ लगेच कळतं, आणि ‘रुपयातले चार आणे’ म्हटलं की मान डोलते. पाचातला एक दाखवायचा असेल तर त्याच जाळीत नेमक्या दोन रांगा भरतात.

न रंगवलेली ७४ माणसं जागा वाचवायला काढून टाकू नका. ती नसली तर फक्त २६ आजारी माणसांची गर्दी दिसते, प्रमाण दिसत नाही.

भरीव माणसं जाळीभर विखरून ठेवण्याचा मोह होतो, कारण आजार तसाच विखुरलेला असतो. मीही एकदा तसं केलं. मोजता येईना आणि प्रत्येकीचा अंदाज वेगळा. एका बाजूने सलग भरा. मग कुणीतरी विचारतं, ‘ही खालच्या रांगेतली कोण?’ तेव्हा सांगावं लागतं की यातलं कुणीही असू शकतं, मोजायला सोपं जावं म्हणून एकत्र बसवली आहेत. हे वाक्य मी आता विचारण्याआधीच बोलते.

२६.४ मधल्या .४ साठी अर्धवट कापलेलं माणूस काढू नका. लोक पाय तुटलेल्या माणसाविषयीच विचारत राहतात. पूर्ण संख्या घ्या. माझ्या पहिल्या चित्रात दप्तरवालं पोरही होतं, तेही चुकलंच, कारण आकडा प्रौढांचा आहे. लाल आणि हिरवा असा फरकही नको. झेरॉक्स काढली की दोन्ही सारखेच करडे होतात. भरीव आणि नुसती बाह्यरेषा ही जोडी टिकते.

चित्र पोचलं का, हे ‘कळलं ना?’ विचारून समजत नाही, सगळ्या हो म्हणतात. मी एकीला म्हणते, ‘हे शेजारणीला कसं सांगशील?’ ती ‘शंभर माणसांत सव्वीसांना’ म्हणाली तर ठीक. ‘सव्वीस जणांना झालाय’ म्हणाली तर शंभर हरवले, जाळी पुन्हा समोर धरायची.

हजारातला एक अशी विरळ गोष्ट मात्र या जाळीत मावत नाही, एक माणूसही पूर्ण भरत नाही. तिथे हजार ठिपक्यांचा वेगळा कागद लागतो, आणि तो शंभराच्या जाळीशेजारी लावू नये, नाहीतर पुन्हा चार-नवाचाच गोंधळ होतो.