'राघोबा इंग्रजांकडे गेले नसते तर?' : असा प्रश्न तपासताना

ठाण्यात टी.वाय.ला इतिहास शिकवताना मी दरवर्षी एक तरी 'जर-तर'चा प्रश्न घालते. नव्याने पेपर तपासायला लागलेले सहकारी याच प्रश्नाला सगळ्यात जास्त बिचकतात. जे घडलंच नाही त्याला मार्क द्यायचे कशाच्या जोरावर, असं ते विचारतात. म्हणून माझ्या आवडत्या प्रश्नावरच सविस्तर लिहिते.

प्रश्न असा: 'राघोबादादांनी इंग्रजांची मदत मागितली नसती, तर साष्टी मराठ्यांकडे राहिली असती का?' गुण आठ. साष्टी बेटावरचा ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यामुळे प्रश्न त्यांना परका वाटत नाही.

बहुतेक उत्तरं एका दमात लिहिलेली असतात. राघोबांनी सुरतेचा तह केला, त्यात साष्टी दिली, म्हणून ते गेले नसते तर साष्टी वाचली असती. वाचायला हे पटतं, आणि नवखा परीक्षक पाच-सहा गुण देऊन मोकळा होतो. पण तारखा मांडून बघा. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो 1774 च्या डिसेंबरअखेरीस. सुरतेचा तह झाला 1775 च्या मार्चमध्ये. किल्ला आधी गेला, कागद नंतर झाला. बोलणी आधीपासून चालू होती हे खरं, पण त्यात राघोबा साष्टी-वसई द्यायला तयार नव्हते. तेवढ्यात पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घ्यायला येतायत अशी बातमी आली आणि मुंबईकर इंग्रजांनी हल्ला केला. शिवाय साष्टीवर त्यांचा डोळा जुनाच होता. मॉस्टिनला त्यांनी 1772 मध्ये वकील म्हणून पुण्याला पाठवलं, त्यामागेही हेच होतं.

म्हणून मी आठ गुणांपैकी तीन गुण प्रत्यक्ष घडलेल्या क्रमाला ठेवते. क्रम चुकला की पुढचा तर्क कितीही देखणा असला तरी पायाच नसतो. पुढचे तीन गुण, बदललेली गोष्ट आणि परिणाम यांच्यामधला दुवा पुराव्याने जोडला आहे का, याला. उरलेले दोन, आपला अंदाज कुठपर्यंत चालतो हे विद्यार्थ्याने ओळखलं का, याला.

दुव्याचे गुण देताना खरा कस लागतो. एका मुलीने लिहिलं होतं की साष्टी तरीही गेलीच असती, कारण 1776 च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांनी राघोबाची बाजू सोडली, पण साष्टी सोडली नाही. हे वाचून मला फार आनंद झाला. पुरंदरचा तह तिने घडलेली घटना म्हणून नुसता सांगितला नाही, साक्षीला उभा केला. राघोबा बाजूला काढल्यावर इंग्रज काय करतात, हे तिथे प्रत्यक्षच दिसतं. तिला तीनपैकी तीन.

याच प्रश्नाला 'हो, राहिली असती' म्हणणाराही पूर्ण गुण मिळवू शकतो, हे नव्या परीक्षकांनी पक्कं धरावं. एकाने मांडलं होतं की पुण्याची फौज तेव्हा राघोबांच्या पाठलागात गुंतली होती, ती मोकळी असती तर ठाण्याला कुमक पोचली असती. मुद्दा भक्कम आहे. फक्त इथे बारकाईने बघायचं. त्याने बदललं काय? इंग्रजांकडे मदत मागणं, की पेशवाईच्या गादीचं भांडणच? फौज मोकळी व्हायची तर भांडणच नको होतं, आणि प्रश्न तेवढं विचारत नाही. विद्यार्थ्याने हा फरक स्वतः नोंदवला तर पूर्ण गुण. नकळत एकाच्या जागी दुसरं बदललं तर दुव्याचा एक गुण मी कापते.

शेवटच्या दोन गुणांसाठी मी क्रियापदं बघते. 'कुमक पोचण्याची शक्यता होती' आणि 'इंग्रज हरलेच असते' यांत 'हरलेच'ला काहीतरी आधार हवा. दोन पायऱ्यांपुढे तो सहसा संपतो. 'साष्टी राहिली असती, मग मुंबई पडली असती, मग इंग्रजांचं राज्यच आलं नसतं' असं लिहिणाऱ्याच्या पेपरवर, पुरावा संपतो तिथे मी समासात रेघ मारते. रेघेच्या वरचं तपासायचं, खालच्याला गुण नाहीत, पण त्यासाठी वरचे कापायचेही नाहीत.

'इतिहासात जर-तरला स्थान नाही' असं लिहून सालबाईच्या तहापर्यंतची हकिकत सांगणारेही असतात. त्यांना क्रमाचे तीन गुण द्या आणि थांबा. प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलेलं नसतं.

गुणांची ही विभागणी पेपर काढतानाच लिहून काढा आणि दुसऱ्या परीक्षकासोबत चार-पाच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासून ताडून बघा. फरक पडतो तो बहुधा दुव्याच्या गुणांत, आणि तिथे 'मला पटलं' एवढं कारण चालत नाही. कोणत्या घटनेवरून पटलं, ते समोरच्याला बोट ठेवून दाखवावं लागतं.