तापलेला गोळा आणि चतुर्थ घाताचा नियम : या चुका टाळा

स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम एका ओळीत मावतो, आणि बारावीच्या उत्तरपत्रिकांत तो पाठही असतो. गोंधळ सुरू होतो तो तापलेला गोळा किती वेगाने थंड होईल, असे विचारल्यावर. तालुक्याच्या ठिकाणी भौतिकशास्त्र शिकवताना दरवर्षी त्याच त्या चुका तपासाव्या लागतात. त्यांतल्या बहुतेक चुका सूत्र न येण्यामुळे होत नाहीत, तर प्रश्न पुरता वाचण्याआधीच सूत्रावर झडप घातल्यामुळे होतात. सूत्र असे :

P = eσA(T⁴ − T₀⁴), σ = 5.67 × 10⁻⁸ W m⁻² K⁻⁴

येथे P म्हणजे गोळा दर सेकंदाला प्रारणाने गमावतो ती निव्वळ उष्णता, A गोळ्याचे पृष्ठफळ, e त्याची उत्सर्जकता, T गोळ्याचे आणि T₀ भोवतालचे केल्विनमधील तापमान.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे उष्णता गमावण्याचा दर आणि तापमान उतरण्याचा दर हे एकच समजणे. शिकवणी वर्गांत ‘त्रिज्या दुप्पट, तर सगळे चौपट’ असा एक तोडगा फिरतो आणि घाईच्या विद्यार्थ्याला तो फार आवडतो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने असल्यामुळे बॉल मिलमधले झिजलेले पोलादी गोळे भंगारात सापडतात. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी असेच दोन गोळे मिळवले, एक आठ सेंटिमीटर व्यासाचा आणि दुसरा चार. गावातल्या लोहाराच्या भट्टीत दोन्ही गोळे एकाच कोळशात, उलटसुलट करत, सारखे नारिंगी होईपर्यंत तापवले आणि सांजावल्यावर सांडशीने उचलून भात्यापासून दूर, विटांच्या तुकड्यांच्या कडांवर ठेवले. लहान गोळा काळा पडला तरी मोठा बराच वेळ लालच राहिला. जे डोळ्यांनी दिसले ते वहीत उतरवायचे सोडून त्यांनी निष्कर्ष लिहिला, की मोठा गोळा आधी थंड होतो. विचारले तेव्हा एक जण म्हणाला, “सर, मोठा गोया पयले थंडा व्हाले पायजे होता, आमचंच काईतरी चुकलं.” प्रयोग चोख झाला होता, खोटा ठरला होता तो तोडगा.

आता हेच आकड्यांत पाहू. दोन्ही गोळे पूर्ण काळे, म्हणजे e = १ माना; तापमान १००० केल्विन आणि भोवताल ३०० केल्विन धरा. दर चौरस मीटरमागे निव्वळ उत्सर्जन सुमारे ५६,२०० वॅट येते. मोठ्या गोळ्याची त्रिज्या ०.०४ मीटर असल्यामुळे तो सुमारे ११३० वॅट बाहेर टाकतो, तर लहान गोळा २८३ वॅट. येथवर तोडगा बरोबर आहे. परंतु मोठ्याचे वस्तुमान सुमारे २.०९ किलो आहे आणि लहानाचे जेमतेम ०.२६ किलो, म्हणजे देण्याची शक्ती चौपट असली तरी साठा आठपट आहे. दर किलोमागे मोठा गोळा सुमारे ५४० वॅट गमावतो आणि लहान सुमारे १०८०. म्हणून लहान गोळ्याचे तापमान दुप्पट वेगाने उतरते. भरीव गोळ्यासाठी हे सूत्रात असे दिसते :

−dT/dt = 3eσ(T⁴ − T₀⁴) / (rρc)

येथे r त्रिज्या, ρ घनता आणि c विशिष्ट उष्मा. त्रिज्या छेदात आहे, एवढे लक्षात राहिले तरी पुरे. मी उत्तराआधी एकक लिहायला लावतो. प्रश्नात वॅट मागितले असतील तर r² चा विचार करायचा, केल्विन प्रति सेकंद मागितले असतील तर १/r चा. ही सवय मुलांना कंटाळवाणी वाटते, पण माझ्या वर्गात तिला सूट नाही. एक सावधगिरी मात्र हवी : लाल पोलादाची विशिष्ट उष्मा स्थिर नसते, ७०० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे ती एकदम वाढते. त्यामुळे दोन गोळ्यांची तुलना खरी ठरते, पण कोष्टकातला ४५० चा आकडा घालून काढलेले सेकंद खरे ठरत नाहीत.

दुसरी चूक सेल्सिअसची. तिच्यावर रागावण्याऐवजी मी १८७९ सालची गोष्ट सांगतो. प्लॅटिनमच्या तापलेल्या तारेवरचे टिंडल यांचे आकडे स्टीफन यांच्यासमोर होते : सुमारे ५२५ अंशांवर प्रारण १०.४ आणि १२०० अंशांवर १२२, म्हणजे गुणोत्तर ११.७. केल्विनमध्ये ही तापमाने ७९८ आणि १४७३ होतात आणि त्यांच्या गुणोत्तराचा चतुर्थ घात ११.६ येतो. सेल्सिअसचेच आकडे घातले तर २७ च्या वर उत्तर जाते. प्लॅटिनम काही कृष्णिका नव्हे, म्हणून त्या मेळात थोडे सुदैवही होते. बोल्ट्झमन यांनी १८८४ मध्ये कृष्णिकेसाठी सैद्धांतिक सिद्धता दिली तेव्हा नियम पक्का झाला.

तिसरी चूक T₀ विसरण्याची. लाल गोळ्यासाठी ती खपून जाते, कारण १००० केल्विनला भोवतालचा वाटा एक टक्काही नसतो. पण ४०० केल्विनच्या काळ्या गोळ्याचे पाहा. भोवताल विसरलात तर दर चौरस मीटरला १४५० वॅट येतात. पौषातल्या ७ अंशांच्या पहाटे खरे उत्तर ११०० च्या आसपास असते आणि ४७ अंशांच्या मे महिन्यातल्या दुपारी ८६० च्या आसपास. शिवाय प्रारणापुरते T₀ म्हणजे हवेचे नव्हे, तर समोरच्या पृष्ठभागांचे तापमान. उन्हात तापलेल्या टिनाखाली प्रयोग करून हवेचा थर्मामीटर वाचणाऱ्याचे उत्तर त्यामुळेच बिघडते.

काही जण आधी वजाबाकी करून मग चतुर्थ घात घेतात. ४०० आणि ३०० साठी त्यांना १०⁸ मिळते, खरी किंमत १.७५ × १०¹⁰ आहे. फरक १७५ पटींचा.

व्यास दिला असताना तोच त्रिज्या म्हणून वापरणाऱ्याला मी एकही गुण देत नाही.

प्रयोगशाळेत हमखास दिसणारी चूक वेगळी आहे. गोळा उकळत्या पाण्यातून काढून पंख्याखाली ठेवायचा, तापमानाच्या नोंदी घ्यायच्या आणि चतुर्थ घात जुळत नाही म्हणून तक्रार करायची. १०० अंशांचा काळा गोळा २७ अंशांच्या खोलीत प्रारणाने दर चौरस मीटरला सुमारे ६४० वॅट देतो, आणि साध्या स्थिर हवेतही संवहनाने जाणारी उष्णता जवळपास तेवढीच असते. पंखा लावला की संवहनच वरचढ होते. त्यातच तापमानातला फरक लहान असला, की T⁴ − T₀⁴ हे साधारण 4T₀³(T − T₀) इतकेच उरते, म्हणजे आलेखात न्यूटनचा शीतलन नियमच दिसतो. चतुर्थ घात बघायचा असेल तर गोळा लाल हवा आणि वारा बंद हवा. एवढी सोय नसेल तर निदान काजळी धरलेला आणि चकचकीत असे एकाच मापाचे दोन गोळे शेजारी ठेवून त्यांच्या शीतलनातला फरक मोजावा, कारण दोघांचे संवहन जवळजवळ सारखे असल्यामुळे तो फरक प्रामुख्याने प्रारणाचाच असतो.

राहिला पोकळ गोळा. बाहेरची त्रिज्या, पृष्ठभाग आणि तापमान सारखे असेल तर सुरुवातीला पोकळ आणि भरीव दोन्ही गोळे सारखेच वॅट देतात. पोकळाचे वस्तुमान कमी, म्हणून त्याचे तापमान लवकर उतरते, आणि ते उतरल्यावर त्याचे वॅटही भरीवापेक्षा कमी होतात. प्रश्नात ‘सुरुवातीला’ हा शब्द असेल तर तो अधोरेखित करून मगच पेन पुढे न्यावे.