ॲनाफिलॅक्सिस ओळखताना आणि ट्रीट करताना या चुका टाळा

"अंगावर गांधी नाहीत, मग ॲनाफिलॅक्सिस कसा असेल?" नवीन इंटर्न्सकडून हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून सुरुवात इथूनच. ॲनाफिलॅक्सिस म्हणजे अचानक सगळ्या शरीरात भडकणारी जीवघेणी ॲलर्जिक रिॲक्शन, आणि ती गांधींशिवायही होऊ शकते.

एकदा रात्रीच्या ड्युटीवर पन्नाशीतल्या एका पेशंटला शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन दिलं. काही मिनिटांतच ते म्हणाले "कसंतरीच होतंय", मग उलटी, अंग गार, बीपी ७०/४०, पल्स १३०. अंगावर एक गांधी नाही, छातीत घरघर नाही. इंटर्न म्हणाला, "मॅडम, घाबरून चक्कर आली असेल." पण घाबरून येणाऱ्या चक्करेत पल्स बहुतेक वेळा मंदावतो, इथे तो पळत होता, आणि औषध नुकतंच गेलेलं. सलाईनवरचं औषध बंद केलं, मांडीत ॲड्रेनलिन दिलं, आडवं ठेवून पाय वर केले, सलाईन जोरात सोडलं. बीपी १०० च्या पुढे गेलं आणि मग छातीवर लाल गांधी उठल्या! इंटर्न घाबरला, त्याला वाटलं रिॲक्शन वाढतेय. उलट होतं, त्वचेत रक्तच पोचत नव्हतं म्हणून आधी काही दिसलं नाही, रक्त परत आलं तेव्हा दिसलं.

हे कळायला मुळात काय होतं ते नीट डोक्यात बसायला हवं. पूर्वी कधीतरी त्या पदार्थाशी गाठ पडून तयार झालेली आयजीई अँटिबॉडी मास्ट सेल्स या ॲलर्जी घडवणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून बसलेली असते. पुन्हा तोच पदार्थ आला की तो शेजारशेजारच्या दोन आयजीईंना जोडतो आणि सेल काही मिनिटांत आपले दाणे बाहेर फेकतो, त्यात हिस्टामिन आणि ट्रिप्टेज आधीच भरून ठेवलेले असतात. मागोमाग सेलच्या आवरणातल्या चरबीपासून ल्युकोट्राइन्स, प्रोस्टाग्लँडिन डी२ आणि पीएएफ म्हणजे प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर ताजे बनतात. आता मास्ट सेल बसलेत कुठे? त्वचेत, श्वासनलिकेच्या अस्तराखाली, आतड्यात, हृदयातही, आणि सगळीकडे बारीक रक्तवाहिन्यांना लागून. औषध रक्तातून सगळ्यांपर्यंत एकदमच पोचतं, म्हणून सगळीकडे एकदमच भडका उडतो.

तेच हिस्टामिन जागेनुसार वेगळं वागतं. रक्तवाहिनीच्या आतल्या थरातून ते नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं, वाहिनी सैल पडते आणि थराच्या फटी उघडून प्लाझ्मा बाहेर झिरपतो: त्वचेत झाला की गांधी, घशात झाला की सूज, सगळ्या शरीरात झाला की बीपी ढासळतं. श्वासनलिकेचा स्नायू मात्र आकसतो, म्हणून घरघर. गंभीर रिॲक्शनमध्ये साधारण १० मिनिटांत रक्तवाहिन्यांतलं ३५ टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर जाऊ शकतं, म्हणजे एक थेंबही रक्त न सांडता पेशंट रिकामा होतो.

आता दुसरी चूक, हिच्यावर मला खरंच राग येतो: "आधी ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्ट देऊ, मग बघू." ॲव्हिल फक्त हिस्टामिनची एच१ जागा अडवतं, खाज आणि गांधी कमी होतात, आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त. ल्युकोट्राइन्स आणि पीएएफ मोकळेच असतात, दम आणि बीपी त्यांच्या तावडीत. हायड्रोकॉर्ट हे स्टेरॉइड, त्याचा परिणाम यायला तास लागतात. ॲड्रेनलिन एकटं सगळीकडे काम करतं: वाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट सेलमधला सीएएमपी वाढवून पुढची फेक कमी करतं. डोस ०.०१ मिग्रॅ प्रति किलो, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५ मिग्रॅ, म्हणजे १ मिग्रॅ प्रति मिलीचं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ५ मिनिटांत फरक नाही तर परत. मी तर शिरेतून नवं अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ॲम्प्यूल आणि सिरिंज ट्रेमध्ये काढून ठेवते, शोधाशोध नको.

उठवून बसवणं किंवा चालत नेणं: अजिबात नको. हृदयाकडे परत येणारं रक्त आधीच कमी, उभं केलं की उरलेलं पायात उतरतं आणि रिकामं हृदय थांबू शकतं. फार धाप असेल तर पाय लांब ठेवून पाठीला आधार द्या, बस.

बीटा ब्लॉकर घेणारा पेशंट आहे का, हे विचारायला विसरू नका. त्यांच्यात ॲड्रेनलिनने अपेक्षेइतका फरक पडला नाही तर ग्लुकागॉन लागू शकतं.

मास्ट सेल फुटले का ते बघायची ट्रिप्टेजची रक्ततपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवून "नॉर्मल आला, म्हणजे नव्हताच" म्हणणंही चूक. सुरुवातीपासून १ ते २ तासांत घेतलेलं सॅम्पल कामाचं, ४ तासांच्या आत तरी घ्याच, आणि २४ तासांनंतरचं दुसरं सॅम्पल फक्त तुलनेसाठी. पहिला आकडा बेसलाइनच्या, म्हणजे त्या दुसऱ्या सॅम्पलच्या, १.२ पट अधिक २ नॅनोग्रॅम प्रति मिली एवढा किंवा जास्त असेल तर मास्ट सेल फुटले हे पक्कं. कमी आला तरी निदान पुसायचं नाही, खाण्याच्या ॲलर्जीत तो बऱ्याचदा वाढतच नाही.