हँडओव्हर नोट लिहिताना: ‘बीजी घेतली आहे’ एवढं पुरत नाही

प्रोजेक्ट सोडताना सगळेच एक एक्सेल करतात. कंत्राटं, अडकलेल्या परवानग्या, व्हेंडरची भांडणं असे तीन टॅब, आणि शेवटच्या रकान्यात ‘झाले’, ‘चालू’, ‘प्रलंबित’. देवगडच्या बाजूला खाडीकाठच्या एका कामावर रुजू झाले तेव्हा माझ्या हातातही असलीच शीट होती. बर्फाचा कारखाना आणि मासे निवडण्याची शेड असं ते काम. शीटमध्ये खोटं काहीच नव्हतं, तरीही तिच्यामुळे बारा लाखांची बँक गॅरंटी, म्हणजे बीजी, हातची जायची वेळ आली होती. आता मी तेच काम दुसऱ्याच्या हाती देते आहे. पहिल्यांदा असं टिपण लिहिणाऱ्यांसाठी, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठीही, हे लिहिते.

टिपणात स्थितीपेक्षा तारीख महत्त्वाची. काय झालंय हे फाइल उघडली की कळतं. पुढे कोणत्या दिवशी कोणता हक्क आपोआप संपणार आहे, हे मात्र फाइल स्वतःहून सांगत नाही.

बांधकामाचं कंत्राट २ कोटी ४० लाखांचं. कंत्राटदाराने ५ टक्क्यांची, म्हणजे १२ लाखांची, परफॉर्मन्स बँक गॅरंटी दिलेली, म्हणजे त्याने अटी मोडल्या तर ती रक्कम त्याच्या बँकेने आम्हाला द्यायची. काम पुरं करायची तारीख ३१ मे. गॅरंटीची वैधता ३१ ऑगस्टपर्यंत आणि दावा करायची मुदत त्यानंतर एक महिना. ठरवणाऱ्याने तसं बरोबरच ठरवलं होतं, कामाच्या तारखेपुढे तीन महिने ठेवले होते. पण मे संपला तेव्हा शेडचे पत्रे बाकी होते. कोकणात जूनमध्ये उंचावर पत्रे चढवायचे नाहीत, हे कुणालाही कळतं. म्हणून आधीच्या मॅनेजरनी कंत्राटदाराला मेल केला, की पाऊस ओसरल्यावर उरलेलं काम पूर्ण करा, आमची हरकत नाही. कामाची तारीख अशी पुढे सरकली. गॅरंटीची तारीख होती तिथेच राहिली. आणि शीटमध्ये त्या ओळीपुढे लिहिलेलं होतं, ‘बीजी घेतली आहे’.

इथे जरा थांबून सांगते, कारण नवे लोक नेमके इथेच चुकतात. बँक गॅरंटी हा बँकेचा स्वतंत्र शब्द असतो. तुम्ही आणि कंत्राटदाराने आपसात मुदत वाढवली, म्हणून बँकेची मुदत वाढत नाही. ती वाढवायला कंत्राटदाराने आपल्या बँकेकडे अर्ज करायचा, बँकेने दुरुस्तीपत्र काढायचं आणि ते तुमच्या हातात पडायचं. कंत्राटदार हे स्वतःहून करत नाही. यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही. गॅरंटी जिवंत असेपर्यंत त्याला बँकेचं कमिशन भरावं लागतं आणि मार्जिनसाठी ठेवलेली एफडी अडकून राहते. ती सुटावी असं त्याला वाटणारच. म्हणून आठवण ठेवण्याचं काम तुमचं.

जुलैच्या मध्यात मी मूळ कागद काढून वाचला तेव्हा हे दिसलं. मूळ कागद वाचा, शीट वाचून भागत नाही, असं मी प्रत्येकाला सांगते ते म्हणूनच. बँकेची शाखा कोल्हापूरची. त्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर आले होते. त्या आठवड्यात कोकणात कुणी फोन उचलत नाही आणि उचलावा अशी अपेक्षाही धरू नये. त्यात पावसात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून ३१ ऑगस्ट ही तारीख मी मनातून पुसली आणि १० ऑगस्ट ही शेवटची तारीख धरली.

आधी कंत्राटदाराला लेखी कळवलं, की ३१ मार्चपर्यंतची वाढीव गॅरंटी १ ऑगस्टच्या आत द्या. तो ‘देतो, देतो’ म्हणत राहिला. १ ऑगस्ट उलटल्यावर थेट बँकेच्या शाखेला पत्र लिहिलं: गॅरंटीची मुदत वाढवा, नाहीतर रक्कम आमच्या खात्यात जमा करा. हे पत्र मनाने लिहायचं नाही. गॅरंटीच्या मजकुरात दावा कसा करायचा ते लिहिलेलं असतं. कंत्राटदाराने अटी मोडल्या असं विधान मागितलेलं असेल, तर ते त्याच शब्दांत हवं, आणि ते खरंही हवं. आमचं काम ३१ मेला पूर्ण झालेलं नव्हतं, तेव्हा ते खरं होतं. पत्र कुरिअरने न पाठवता माणूस पाठवला. करूळ नाहीतर फोंडा, जो घाट चालू असेल त्यातून जा, आणि शाखेचा शिक्का व तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय परतू नको, असं त्याला बजावलं. पत्र पोचल्यावर बँकेनेच कंत्राटदाराला बोलावलं आणि दुरुस्तीपत्र निघालं. ते खरं आहे याची खात्री आमच्या बँकेकडे आलेल्या एसएफएमएस, म्हणजे बँकांच्या आपसातल्या सुरक्षित, संदेशावरून केली. नुसत्या स्टॅम्प पेपरवर विसंबू नका. बनावट गॅरंट्या असतात, आणि त्या दिसायला अगदी व्यवस्थित असतात.

त्या ‘हरकत नाही’ मेलमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली होती. करार कायदा १८७२, कलम ५५. वेळेत पुरं करायचं ठरलेलं काम उशिरा स्वीकारायला तुम्ही तयार झालात आणि त्याच वेळी भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना दिली नाहीत, तर उशिराची भरपाई पुढे मागता येत नाही. म्हणजे विलंबाचा दंड कंत्राटात छापलेला असूनही साध्या मेलमुळे तो लावणं अवघड होऊन बसतं. आमच्या बाबतीत त्या मेलमध्ये पुढची तारीखच नव्हती, त्यामुळे कंत्राटदारही अधांतरी होता. त्याला ठोस तारखेचं पत्र हवं होतं. आम्ही ३१ डिसेंबरपर्यंत मुदतवाढीचं पत्र दिलं, त्यात विलंबदंडाचा हक्क राखून ठेवत असल्याचं वाक्य घातलं, आणि ‘मान्य’ म्हणून त्याची सही घेतली. तेव्हा घाबरू नका. तारखा जिवंत आहेत तोवर बहुतेक गोष्टी सावरता येतात.

तर टिपणात प्रत्येक कंत्राटापुढे काम पूर्ण करायची मूळ तारीख, वाढवलेली तारीख आणि ज्या पत्राने वाढवली त्याचा क्रमांक लिहा. गॅरंटीची वैधता आणि दाव्याची शेवटची तारीख वेगवेगळी लिहा. मूळ कागद कोणत्या कपाटात आहे ते लिहा, आणि तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय की फक्त झेरॉक्स पाहिली, हेही. यातलं शेवटचं लिहायला लोक संकोचतात. संकोचू नका.

परवानग्यांच्या टॅबमध्ये ‘प्रलंबित’ हा शब्द मी बंदच केला. त्याऐवजी फाइल कोणत्या कार्यालयात आहे, शेवटची त्रुटी काय काढली, तिचं उत्तर आपण दिलं का, आणि आता चेंडू कुणाकडे, एवढं लिहायचं. खूपदा ‘शासनाकडे प्रलंबित’ म्हणून लिहिलेली फाइल आपल्याच उत्तराची वाट पाहत पडलेली असते. याउलट ‘मिळाली’ लिहिलेल्या परवानग्यांकडे कुणी बघत नाही, आणि खाडीकाठी तेच महागात पडतं. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांखालची, मंजुरी म्हणजे अटींची यादी असते. त्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. मंजुरीला वैधतेची मुदत असते. शेड आराखड्यातल्यापेक्षा थोडी जरी खाडीकडे सरकली, तरी तीच मंजुरी तुमच्या विरोधातला कागद होते. मंजूर नकाशाची प्रत आणि पुढच्या अहवालाची तारीख टिपणातच हवी.

‘ते साहेबांना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे’ असं वाक्य टिपणात लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. साहेबांना माहीत असतं हे खरं. पण साहेब त्या दिवशी मुंबईत असतात, आणि नव्या माणसाला पहिल्या महिन्यात दर दोन तासांनी विचारायला जाण्याचा धीर नसतो. ज्येष्ठांनी शिकवावं ते कागद कसा वाचायचा हे. माहिती त्यांच्या डोक्यात साठवून ठेवू नये.

व्हेंडरच्या तक्रारींत स्वभाववर्णन नको. ‘हा माणूस त्रासदायक आहे’ या वाक्याने वारसदाराच्या मनात अढी बसते आणि उपयोग शून्य. तो काय मागतोय, आपण त्यातलं काय मान्य केलंय, काय नाकारलंय आणि कोणत्या तारखेच्या कागदाने, एवढंच लिहा. आमच्याकडे एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपने रेलिंग पुरवलं होतं. खाऱ्या हवेत जोडांवर लगेच गंज आला, बिल थांबवलं गेलं आणि शीटमध्ये ‘वाद चालू’ अशी नोंद झाली. प्रत्यक्षात हरकत फोनवरच घेतलेली. ते वर्कशॉप सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेलं होतं. एमएसएमई विकास कायदा २००६ नुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. पैसे देण्याची मुदत करारात कितीही लिहिली तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज चढतं. म्हणजे आपण ‘वाद’ समजत होतो तेव्हा व्याज धावत होतं. शेवटी मूळ बिल चुकतं केलं आणि गॅल्व्हनायझिंग पुन्हा करून देण्याचं त्याच्याकडून वेगळं लिहून घेतलं. तो माणूस मुळात भला होता, त्याला फक्त कुणी लेखी काही कळवलंच नव्हतं. व्हेंडरच्या ओळीत त्याची उद्यम नोंदणी आणि माल पोचल्याची तारीख का हवी, ते यावरून कळेल.

तोंडी शब्दांसाठी एक वेगळं पान ठेवा. पावसात चिरेखाणी बंद होतात, म्हणून मेमध्ये खाणवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली असते आणि ‘दिवाळीनंतर याच दराने चिरा देतो’ असं ठरलेलं असतं. कागद नसतो. शब्द पाळणारी माणसं आहेत, पण शब्द तुम्हाला दिलेला असतो, तुमच्या खुर्चीला नाही. जाण्याआधी अशा प्रत्येकाला वारसदारासमोर फोन करा, बोलणं वदवून घ्या आणि त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्याला मी मंजुरी मानत नाही. तुम्हीही मानू नका.

उरली एक बाब, तिला जेमतेम अर्धा तास लागतो. कंत्राट, गॅरंटी आणि परवानग्या यांतल्या पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर तुमचं नाव किंवा तुमचा मेल असेल, तर बँकेला, कंत्राटदाराला आणि कार्यालयांना बदल लेखी कळवा. नाव न देता पदनाम द्या, आणि मेल कामाच्या सामायिक खात्याचा. नाहीतर मुदत संपत असल्याचं पत्र बंद झालेल्या खात्यात जाऊन पडतं. मी माझी पत्रं परवाच पाठवली. दोघांच्या पोचा आल्यात, बँकेची यायची आहे, आणि टिपणाच्या पहिल्याच ओळीत ती बाकी म्हणून लिहिली आहे.