तपासलेला पेपर हाती आला की या चुका टाळा

समजा, दहावीच्या बीजगणिताच्या (गणित भाग १) पूर्वपरीक्षेत ४० पैकी २३ मिळाले, १७ गेले. बहुतेक मुलं लगेच प्रकरणवार बेरीज करतात. वर्गसमीकरणात सर्वांत जास्त गेले असं दिसलं की ते प्रकरण पहिल्या पानापासून काढतात. वेळ वाया जातो तो इथेच, कारण एका प्रकरणातले सगळे गुण एकाच कारणाने जात नाहीत.

2x² − 5x − 3 = 0 हे उदाहरण घ्या. b² − 4ac काढताना c ऋण आहे हे सुटलं आणि 25 + 24 च्या जागी 25 − 24 झालं, दोन गुण गेले. त्याच प्रकरणातलं चार गुणांचं शाब्दिक उदाहरण मात्र समीकरणच मांडता न आल्याने कोरं राहिलं. पहिल्यासाठी ऋण c असलेली आठ-दहा गणितं पुरतात, तासाभराचं काम. दुसऱ्यासाठी कित्येक दिवस रोज बसावं लागेल. गुण चार असले तरी ते यादीत खालीच जायला हवेत.

म्हणून प्रत्येक गेलेल्या गुणासमोर कारण लिहा, ते दुरुस्त करायला अंदाजे किती वेळ लागेल ते लिहा आणि तासाला जास्त गुण देणारं काम वर घ्या. या पेपरात सर्वांत वर येईल संभाव्यता: उत्तर बरोबर, पण नमुना अवकाश S आणि n(S) लिहिलेच नाहीत, म्हणून पायऱ्यांचे दोन गुण कापले. वीस मिनिटांत सुधारेल.

कारणाच्या जागी ‘सिली मिस्टेक’ लिहू नका, त्यातून काय करायचं ते कळत नाही. मध्यक चुकला असेल तर नेमकं लिहा: ‘मध्यकवर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची होती, मध्यकवर्गाचीच घेतली.’ असं लिहिलं की सराव कशाचा करायचा हे वेगळं शोधावं लागत नाही.

पर्यायी प्रश्नांचा हिशेबही बरेचदा चुकतो. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोनच सोडवायचे असतात. तिसरा सोडला म्हणून चार गुण गेले असं धरू नका. पाचवा प्रश्न मात्र कोरा राहिला असेल, तर तो घरी घड्याळ न लावता सोडवून पाहा. सुटला तर अडचण वेळेची आहे, प्रकरणाची नाही. मग प्रकरण पुन्हा वाचण्यापेक्षा पूर्ण पेपर दोन तासांत बसवण्याचा सराव करा.

आणि दुरुस्ती झाली की नाही हे तेच गणित पुन्हा सोडवून ठरवू नका, त्याचं उत्तर आता पाठ झालेलं असतं. तीन-चार दिवसांनी त्याच प्रकारची नवी गणितं कोऱ्या कागदावर, वही न बघता सोडवा. तीच चूक पुन्हा दिसली तर ती ओळ यादीतून खोडू नका, फक्त तिच्यासमोरचा वेळ वाढवून क्रम पुन्हा लावा.