चार ट्रेड, पण डॉलर एकच: करन्सी पेअर्समध्ये नकळत डबल होणारी रिस्क आणि या चुका टाळा

प्रत्येक ट्रेडमध्ये अकाउंटच्या फक्त १ टक्का रिस्क घ्यायची, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. पण स्क्रीनवर चार ट्रेड उघडे असतात आणि चारही एकाच वेळी लाल होतात, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने चारही स्टॉप उडतात, आणि मग आपण म्हणतो की आज मार्केटच खराब होतं. मार्केट ठीकच होतं हो, आपण चार वेगवेगळ्या नावांनी एकच ट्रेड घेतला होता, डॉलर विकला होता बस्स.

एक खरा दिवस घेऊ. १० एप्रिल २०२४, अमेरिकेचा महागाईचा आकडा, म्हणजे सीपीआय, आपल्या संध्याकाळी ६ वाजता आला. अंदाज ३.४ टक्के होता, आला ३.५. फरक दिसायला किरकोळ, पण फेड व्याजदर कधी कमी करणार याचं सगळं गणित त्यावर टांगलेलं होतं, त्यामुळे डॉलर सगळीकडे एकदम उसळला. आता समजा कोणाच्या अकाउंटमध्ये १०,००० डॉलर आहेत आणि त्याने आदल्या दिवसांत EURUSD खरेदी, GBPUSD खरेदी, AUDUSD खरेदी आणि USDCHF विक्री असे चार ट्रेड घेऊन ठेवलेत, प्रत्येकी एक मिनी लॉट, म्हणजे १०,००० युनिट, आणि प्रत्येकाला साधारण १०० डॉलरचा स्टॉप. कागदावर प्रत्येकी १ टक्का, एकदम शिस्तीत.

पहिली चूक: बाय आणि सेल मोजणं

वरच्या यादीत तीन बाय आहेत आणि एक सेल, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं थोडाफार बॅलन्स आहे. नाहीये. USDCHF मध्ये डॉलर पुढे लिहिलाय, म्हणून तो विकला की डॉलर विकला जातो, आणि EURUSD मध्ये डॉलर मागे लिहिलाय म्हणून ते खरेदी केलं तरी डॉलरच विकला जातो. बटणावरचा शब्द वेगळा, पैसा त्याच बाजूला.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. प्रत्येक ट्रेडचे दोन पाय वेगळे करून फक्त डॉलरचा पाय लिहायचा, खरेदी असेल तर अधिक, विक्री असेल तर उणे. त्या दिवशीच्या आकड्याआधीचे साधारण भाव धरले तर असं दिसतं:

```
EURUSD  +10,000    USD -10,860
GBPUSD  +10,000    USD -12,690
AUDUSD  +10,000    USD  -6,625
USDCHF  -10,000    USD -10,000
एकूण               USD -40,175
```

अकाउंट १०,००० चं आणि डॉलरविरुद्ध पैज ४०,००० ची. आकडा आल्यावर त्या दिवसभरात युरो साधारण १२० पिप्स पडला, पाउंड १५०, ऑस्ट्रेलियन डॉलर ११५, आणि USDCHF १०० पिप्स वर गेला. म्हणजे चारही स्टॉप लागले. प्रत्येकी १ टक्का नाही, एकाच बातमीवर ४ टक्के गेले, आणि बातमीच्या पहिल्या मिनिटात स्प्रेड फाकतो तेव्हा स्टॉप ठरवलेल्या भावाला लागतोच असं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच.

दुसरी चूक: डॉलर बघायला फक्त DXY उघडणं

बरेच जण म्हणतात मी डॉलर इंडेक्स बघतो ना. बघा, पण तो कशाचा बनलाय ते माहीत असू द्या. त्यात युरो एकटाच ५७.६ टक्के आहे, नंतर येन १३.६, पाउंड ११.९, कॅनेडियन डॉलर ९.१, स्वीडिश क्रोना ४.२ आणि स्विस फ्रँक ३.६. ही टोपली १९७३ साली बनवलेली, त्यामुळे तिच्यात ऑस्ट्रेलिया नाही, न्यूझीलंड नाही, चीनचा युआन नाही आणि आपला रुपया तर नाहीच. म्हणजे EURUSD चा चार्ट उलटा धरून त्याला डॉलरची ताकद म्हणण्यासारखंच आहे हे बऱ्याच वेळा. युरो घेतलेला माणूस DXY बघून कन्फर्मेशन घेतो तेव्हा तो स्वतःच्याच ट्रेडला विचारतो की तू बरोबर आहेस का, आणि उत्तर अर्थातच हो येतं.

त्यापेक्षा हे करा. पाच-सहा पेअर्स घ्या, EURUSD, GBPUSD, AUDUSD, USDJPY, USDCHF, USDCAD. सगळ्यांसाठी एकच वेळ धरा, उदाहरणार्थ कालच्या न्यूयॉर्क क्लोजपासून आत्तापर्यंत, आणि टक्क्यांत बदल काढा. पिप्समध्ये तुलना करू नका, कारण येनचा पिप वेगळा आणि १.२७ वरचे १०० पिप्स व ०.६६ वरचे १०० पिप्स सारखे नसतात. मग ज्यात डॉलर मागे आहे त्यांचं चिन्ह उलटं करा, म्हणजे सगळीकडे अधिक म्हणजे डॉलर वर असा एकच अर्थ राहतो.

१० एप्रिलला हे केलं असतं तर युरोविरुद्ध डॉलर साधारण अधिक १.१, पाउंडविरुद्ध १.२, ऑस्ट्रेलियनविरुद्ध १.७, फ्रँकविरुद्ध १.१, येनविरुद्ध ०.८. सगळे अधिक, आणि बरेचसे जवळजवळ. असं दिसलं की ही गोष्ट फक्त डॉलरची आहे, तुमच्या पेअर्सच्या नावांना त्या दिवशी काही अर्थ नाही.

आता दुसरा दिवस, २३ सप्टेंबर २०२२, ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी करकपातीचं ते मिनी बजेट मांडलं तो शुक्रवार. युरो डॉलरपुढे साधारण दीड टक्का पडला, ऑस्ट्रेलियन त्याच्या आसपास, आणि पाउंड मात्र साडेतीन टक्के. म्हणजे त्यातला दीडेक टक्का डॉलरचा जोर आणि वरचे दोन टक्के पाउंडचं स्वतःचं दुखणं. हे वेगळं काढता आलं की लक्षात येतं की पाउंड पडणार असं तुमचं मत असेल तर GBPUSD विकून तुम्ही मताबरोबर डॉलरची पैजही फुकटात घेताय, आणि फक्त पाउंडबद्दलच बोलायचं असेल तर EURGBP खरेदी जास्त स्वच्छ आहे, त्यात डॉलर येतच नाही.

तिसरी चूक: हेज केलं असं समजणं

ही जरा अवघड आहे म्हणून सावकाश सांगतो. EURUSD आणि USDCHF बहुतेक वेळा उलट चालतात, म्हणून काही जण दोन्ही खरेदी करतात आणि म्हणतात एक पडला तर दुसरा सावरेल. डॉलरचा पाय बघा, एकीकडे उणे १०,८६०, दुसरीकडे अधिक १०,०००. डॉलर जवळपास कटला, बरोबर, पण रिस्क संपली नाही, उरलं काय तर युरो खरेदी आणि फ्रँक विक्री. म्हणजे तुम्ही EURCHF खरेदी केलंय, फक्त दोन वेळा स्प्रेड भरून. आणि EURCHF शांत असतो म्हणून त्याला कोणी घाबरत नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने १.२० चा तळ अचानक सोडून दिला, आणि तो भाव काही मिनिटांत १ च्या खाली गेला. त्या आधीची तीनेक वर्षं हे दोन पेअर्स आरशातल्यासारखे उलटे चालत होते, कारण मधला भाव बँकेने धरून ठेवला होता. कोरिलेशनच्या टेबलात तेव्हा जो मोठा उणे आकडा दिसायचा तो बँकेच्या धोरणाचा होता, धोरण गेलं आणि आकडाही गेला.

म्हणूनच मी कोरिलेशनचं टेबल नंतर बघतो आणि पायांचा हिशोब आधी. हिशोब साधी बेरीज आहे, ती बदलत नाही. कोरिलेशन मात्र तासाच्या चार्टवर एक, दिवसाच्या चार्टवर दुसरं आणि तीन महिन्यांनी तिसरंच निघतं.

चौथी चूक: पेंडिंग ऑर्डर आणि सोनं न मोजणं

उघडे ट्रेड सगळे मोजतात, पण चार्टवर ठेवलेल्या लिमिट आणि स्टॉप ऑर्डर विसरतात. डॉलर एकदम वर आला की EURUSD, GBPUSD आणि AUDUSD तिघांच्या खाली लावलेल्या बाय लिमिट एकाच चालीत भरतात, आणि बरेचदा तुम्ही जेवायला गेलेले असता. त्यामुळे ऑर्डर लावतानाच ती भरली असं समजून डॉलरच्या खात्यात लिहा. XAUUSD सुद्धा तसंच. सोन्याची खरेदी म्हणजे त्यातही डॉलर विकलेलाच असतो, सोन्याची स्वतःची वेगळी कारणं असतात हे मान्य, पण सीपीआयच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात ती कारणं कोणी विचारत नाही.

मग करायचं काय

ट्रेडमागे १ टक्का ठरवता तसा डॉलरच्या एका दिशेसाठी एकूण आकडा ठरवा. माझ्या मते दीड टक्का पुरे. मग दोन रस्ते उरतात. एक, सगळ्यात चांगला पेअर निवडा आणि बाकीचे सोडा. डॉलर कमजोर वाटत असेल तर वरच्या टक्क्यांच्या यादीत डॉलर ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त पडतोय तो घ्या, सगळ्यात स्वस्त दिसतोय तो नको, कारण मागे राहिलेल्याकडे मागे राहायचं काहीतरी कारण असतं. दुसरा रस्ता, तीन पेअर्स घ्यायचेच असतील तर प्रत्येकी अर्धा टक्का, आणि स्टॉप जवळ आणून नाही तर लॉट कमी करून. तिसरा पेअर घेतल्याने नफ्याची शक्यता तिप्पट होते असं वाटतं, पण डॉलरच्या दिवशी तो फक्त ब्रोकरेज वाढवतो.

एनएसईवर करन्सी फ्यूचर्स करणाऱ्यांसाठी यात एक खास भानगड आहे. EURINR म्हणजे जवळपास EURUSD गुणिले USDINR. रुपया डॉलरपुढे रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली हळूहळू सरकतो, त्यामुळे रोजची EURINR ची हालचाल बहुतेक EURUSD चीच असते. EURINR आणि GBPINR दोन्ही खरेदी असतील तर तुम्हाला वाटतं रुपयाविरुद्ध दोन पोझिशन आहेत, आणि प्रत्यक्षात रोजचा नफा-तोटा पुन्हा डॉलरच ठरवतो. वर EURUSD चं फ्यूचरही घेतलं असेल तर तीच पैज तिसऱ्यांदा. रुपयाच्या करारांमागे खरी परकीय चलनाची देवाणघेवाण असावी लागते, हे रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये ठासून सांगितलं, त्यामुळे इथे असणारे बरेच जण एक्सपोर्ट-इम्पोर्टवाले आहेत, आणि त्यांनी तर फ्यूचर्सबरोबर येणारी युरो-पाउंडची बिलंही त्याच कागदावर लिहायला हवीत. युरोत पैसे मिळणार आहेत आणि वर EURINR खरेदीही आहे, तर ते हेज नाही, डबल आहे.

आणि मोबाइलवरच्या परदेशी फॉरेक्स अॅपवर भारतात राहून EURUSD स्पॉट करत असाल तर आधी रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट बघा, फेमाखाली ते चालत नाही, पायांचा हिशोब त्यानंतरची गोष्ट.