आखाजीला घातलेला पोलकीचा हार कानबाईपर्यंत काळा पडू नये म्हणून

आमच्या वहिनींनी आखाजीच्या लग्नात पोलकीचा हार घातला होता. जळगावात त्या दिवशी पारा 44 च्या पुढे होता. रात्री थकून आल्यावर त्यांनी हार उतरवला, तसाच मखमली डबीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो लॉकरमध्ये गेला. श्रावणात कानबाईला डबी उघडली, तर मधले तीन खडे राखेसारखे दिसत होते. "हाई काय व्हयनं वं माय!" म्हणत त्यांनी ओल्या फडक्याने ते पुसायला घेतले. मी हात धरला, कारण काळेपणा खड्यावर नव्हता, खड्याच्या मागे होता.

कुंदन आणि पोलकी दोन्ही आतून सारखेच बसवलेले असतात. पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला हिरा. कुंदनात बऱ्याचदा काच किंवा साधे खडे असतात. घरात लाख भरलेली असते, खड्याच्या पाठीशी चांदीचा पातळ वर्ख असतो. कारागीर त्याला डांक म्हणतात. चमक त्या डांकेची असते. खड्याभोवती शुद्ध सोन्याची पट्टी दाबून बसवलेली असते, पण ती पाणी अडवणारी नसते. घाम त्या फटीतून आत शिरला की चांदी काळवंडते.

म्हणून खरं काम लग्नाच्या रात्रीचंच. अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे आधी, दागिना सगळ्यात शेवटी. उतरवताना मात्र दागिना सगळ्यात आधी. कोरड्या मलमलने पाठीकडची मिन्याची बाजू आणि खड्यांच्या कडा टिपून घ्या, घासू नका. मग हार सुती कापडावर मोकळा पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. खडे तासा-दोन तासांत सुकतात, पण मागची रेशमी दोरी घाम पिऊन बसलेली असते. सकाळी दोरी चिमटीत धरून बघा. गार किंवा चिकट लागली तर अजून वाळू द्या. उन्हात किंवा ड्रायरने मात्र वाळवू नका. लाख उष्णतेने मऊ होते आणि खडा जागा सोडतो. भर मे महिन्यात बंद गाडीतही दागिना ठेवू नये तो याचसाठी.

धूळ असेल तर मऊ, कोरडा मेकअपचा ब्रश पुरे. रिठ्याचं पाणी साध्या सोन्याच्या पाटल्यांना छान, जडावाच्या दागिन्याला नाही. टूथपेस्ट, सोडा, चांदी उजळायचं द्रावण, दुकानातलं अल्ट्रासोनिक मशीन, यातलं काहीही नको.

टेम्पल दागिन्यात बहुधा चांदीवर सोन्याचा मुलामा आणि लाल-हिरवे केम्प खडे असतात. देवीच्या मूर्तीच्या खाचांत मळ बसतो, तो ब्रशने हलकेच काढावा. उंच भागावर, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर किंवा मुकुटाच्या टोकावर, पांढरट चांदी दिसायला लागली तर मुलामा झिजतोय. तिथे पॉलिश केलं की उरलेलाही जातो.

ठेवताना मखमली डबी टाळा, ती ओल धरते. आपल्या कपाशीच्या मुलखात दागिना कापसात गुंडाळायची सवय आहे, पण कापूसही दमट होतो आणि त्याचे तंतू खड्यांच्या कडांत अडकतात. धुतलेली, पूर्ण वाळलेली पांढरी मलमल घ्या. प्रत्येक दागिना वेगळा गुंडाळा, नाहीतर पोलकीचा हिरा शेजारच्या मोत्याला ओरखडे पाडतो. मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सिलिका जेलची पुडी कापडाच्या बाहेर टाका. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. मोत्यांना मात्र फार कोरडेपणा सोसत नाही. हारात मोती असतील तर सिलिका न घालता मलमलच्या पिशवीत ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला, उघाड असेल त्या दिवशी, तासभर मोकळा करा. डांबराच्या गोळ्या या डब्यात नकोत.

दागिना डब्यातून बाहेर काढाल त्या वेळी दिव्याखाली तिरपा करून पाहा. ओल शिरलेली असेल तर डाग कडेकडून आत सरकलेला दिसतो. कानाशी धरून हळूच हलवल्यावर खुटखुट आवाज आला, तर लाख सुटली आहे.

वहिनींचा हार शेवटी जडावाच्या कारागिराकडे न्यावा लागला. त्याने तीन खड्यांभोवतीची सोन्याची पट्टी उचकटली, काळी डांक काढून नवी घातली, लाख भरून खडे पुन्हा बसवले. बाहेरून पुसून हे होण्यासारखं नव्हतं. देताना आम्ही पुढून-मागून फोटो काढले, खडे मोजले आणि एकूण वजन पावतीवर लिहून घेतलं. लाखेचंही वजन त्यात धरलेलं असतं, त्यामुळे परत आल्यावर थोडा फरक दिसला तर नवी लाख किती भरली ते विचारायचं. ते तीन खडे अजूनही बाकीच्यांपेक्षा थोडे जास्त चमकतात.